माझ्या नावाच्या रात्री

मी काय काम करतो हे नातेवाइकांना कधी नीट कळलं नाही. सर्व्हेअर म्हटलं की त्यांना जमीन मोजणारा वाटायचा. सुकापूरला फ्लॅट घेतला तेव्हा बायकोच्या मामांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या गावच्या बांधाची भानगड सांगितली होती आणि एकदा येऊन माप घेऊन जा म्हणाले होते. माझं काम पेट्यांचं. गोदामात माल कंटेनरमध्ये भरला जातो तेव्हा तिथे उभं राहायचं, पेट्या मोजायच्या, ओली किंवा फुटकी दिसली की बाजूला काढायला लावायची, फोटो घ्यायचे, दाराला सील लागलं की त्याचा नंबर टिपायचा आणि रिपोर्ट आपल्या लॉगिनमधून कंपनीच्या अ‍ॅपवर चढवायचा. त्या रिपोर्टवर ज्याचं नाव, तो माणूस मालासमोर उभा होता, असं जग समजतं. त्याच्याच भरवशावर विमेवाले आणि परदेशातले व्यापारी पैसे सोडतात. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑफिस रोडपालीला, माल द्रोणागिरीला, बंदराजवळच्या गोदामांत. जहाजाची वेळ कुणाच्या झोपेला विचारून ठरत नाही, त्यामुळे अर्धं काम रात्रीचं. शिवाय महिन्यातून दोनचारदा महाड, तारापूर, कधी थेट कोल्हापूर, कारखान्यातच माल भरून घ्यायला. आम्ही सहा सर्व्हेअर होतो आणि मुंबईच्या हेड ऑफिसचा दंडक असा, की नाईट आणि बाहेरगाव सगळ्यांना सारखं. कुणाला झुकतं माप दिलं असं वाटता कामा नये. मॅनेजर दर महिन्याला ड्युटीचा चार्ट ग्रुपवर टाकायचे आणि त्यात खरोखरच सगळ्यांच्या रात्री सारख्या दिसायच्या.

मला अटॅक आला तो जेवता जेवता, घरी, रविवारी. त्यात नाट्यमय काही नव्हतं. घाम फुटला, हातातला घास ताटात पडला आणि बायकोने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. स्टेंट बसला, घरी आलो. मला वाटलं संपलं. मग नवीन पनवेलच्या हार्टच्या डॉक्टरबाईंनी इको पाहून सांगितलं की नस मोकळी झाली, पण तोवर हृदयाचा एक भाग दुबळा झाला, पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आहे. "हे दुखणं बरं होऊन जाणारं नाही, सांभाळायचं आहे," त्या म्हणाल्या. गोळ्या वेळच्या वेळी. रात्री झोप. पाणी मोजून. सकाळच्या एका गोळीने दर थोड्या वेळाने लघवीला जावं लागायचं, ज्याने महाडच्या गाडीत बसून पाहिलंय त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यांनी पत्र दिलं: रात्रपाळी, लांबचा प्रवास आणि उंच चढण्याचं काम टाळावं, वर्षाने फेरतपासणी. पत्र देताना म्हणाल्या, "हे ऑफिसात द्या. खिशात ठेवून उपयोग नाही."

मी दिलं. म्हणजे द्यायला गेलो.

मॅनेजर तेव्हा जे होते ते मनमोकळे गृहस्थ. मुलांच्या वाढदिवसाला आमच्याकडे जेवून गेलेले. त्यांनी माझा अर्ज वाचला, डॉक्टरांचं पत्र वाचलं, केबिनचं दार लावलं आणि दोन्ही कागद घडी करून माझ्याच हातात परत ठेवले.

"हे वर पाठवायचं नाही," ते म्हणाले. "कागद गेला की तुम्ही फील्डला अनफिट. आणि फील्ड सोडून आपल्याकडे पोस्ट आहे कुठे? डॉक्युमेंटेशनला दोन मुली आहेत, तिसरी खुर्ची नाही. एचआर काय करेल माहितेय ना? सहानुभूतीचं एक छान मेल पाठवेल आणि सेटलमेंट करेल."

"मग सर, मी करू काय?"

"काही नाही करायचं. आपण आपसात अ‍ॅडजस्ट करू. मी आहे ना."

मी आहे ना! आपल्याकडे या तीन शब्दांवर माणसं घरं बांधतात. मीही बांधलं. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, खोटं कशाला सांगू. त्यांच्या केबिनमधून बाहेर आलो तेव्हा वाटलं, कंपनी वगैरे सब झूट, माणूस महत्त्वाचा.

अ‍ॅडजस्टमेंट अशी होती. आमच्यात पनवेलचाच एक सर्व्हेअर होता, कोकणी मुसलमान, माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान, पूर्वी कुवेतला गोदामातच काम करून आलेला. वडिलांचं बाजारात भांड्यांचं दुकान, वडील थकलेले, म्हणून त्याला दिवसा वेळ हवा असायचा. शुक्रवारची दुपार तर हवीच. तो माझ्या रात्री आणि माझे महाड-तारापूर घेणार, मी त्याच्या दिवसाच्या पाळ्या घेणार. ऑफिसात याला 'म्युच्युअल' म्हणायचे, सगळेच थोडंफार करायचे, कुणाचं लग्न, कुणाची गणपतीची सुट्टी. पण हेड ऑफिसला चार्ट सारखा दिसायला हवा, म्हणून चार्टवरची नावं बदलायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. ज्याचं नाव चार्टवर त्याच्याच लॉगिनमधून रिपोर्ट चढवायचा. त्यामुळे तो द्रोणागिरीला रात्रभर जागायचा आणि रिपोर्टवर माझं नाव उमटायचं. गेटवरच्या वहीतही तो माझंच नाव सांगायचा. मी त्याला पासवर्ड दिला होता. तो हसून म्हणाला होता, "दादा, मी आता दोन माणसं. इन्शाल्ला पगार एकाचाच."

वर्षभर छान चाललं. मी वेळेवर झोपलो, वेळेवर गोळ्या घेतल्या, संध्याकाळी सुकापूरच्या रस्त्यावर बायकोबरोबर चाललो. वर्षाने इको केला तर पंपिंग चाळीसच्या वर. डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. "बघा, नाईट बंद केल्याचा फायदा," म्हणाल्या, आणि नवं पत्र लिहून दिलं, तेच सगळे निर्बंध, पुढेही पाळावेत असं. मी ते पत्र जुन्याबरोबर फाइलला लावलं आणि ऑफिसच्या वाटेवर मिठाई घेतली.

मग मॅनेजरांना बढती मिळाली आणि ते हेड ऑफिसला गेले, ऑपरेशन्सचे प्रमुख म्हणून. जाताना माझा खांदा दाबून म्हणाले, "काळजी नको. मी वर गेलो म्हणजे उलट बरंच आहे." त्यांच्या जागी आला तो तरुण मुलगा वाईट नव्हता. त्याच्यामागून आलं ते वाईट होतं. वरून फर्मान निघालं की यापुढे हजेरी चेहऱ्याने लागेल. गोदामात पोचलं की मोबाईलसमोर तोंड धरायचं, अ‍ॅप चेहरा आणि जागा दोन्ही ओळखणार, मगच रिपोर्टचं पान उघडणार. हे फर्मान कुणाच्या सहीने आलं ते मी सांगायला हवंय का?

म्युच्युअल बंद. निदान नावाआडचं बंद. आता मला रीतसर अर्ज करण्याशिवाय मार्ग नव्हता.

रीतसर म्हणजे अगदी रीतसर केला. नव्या मॅनेजरला अर्ज, त्यासोबत डॉक्टरबाईंची दोन्ही पत्रं, दोन्ही इको. त्याने वाचून लगेच एचआरला पाठवला, दार वगैरे लावलं नाही. एचआरने मला कंपनीच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी तपासलं, कागद पाहिले आणि प्रमाणपत्र दिलं: निर्बंधांसह कामास योग्य. रात्रपाळी व लांबचा प्रवास नको. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "उगाच घाबरलो. सरळ रस्त्याने गेलं की काम सरळ होतं." ती म्हणाली, "होऊ दे आधी."

आठवड्याने चर्चेला बोलावणं आलं. रोडपालीच्याच ऑफिसात, मीटिंगच्या खोलीत. एचआरच्या मॅडम मुंबईहून आल्या होत्या, नवा मॅनेजर होता आणि टेबलाच्या मधोमध, चष्मा कपाळावर चढवून, आमचे जुने साहेब. त्यांना बघून मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ नमस्काराऐवजी हातच पुढे केला.

मॅडम सभ्य होत्या. आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "आम्हाला एक गोष्ट समजून घ्यायची आहे. डॉक्टरांचं पहिलं पत्र वर्षापूर्वीचं आहे. ते तुम्ही तेव्हाच का नाही दिलं?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब लॅपटॉपकडे पाहत होते.

"आणि दुसरं," मॅडम म्हणाल्या, "तुमचे वर्षभराचे रिपोर्ट काढलेत. नाईट तुम्ही बाकीच्यांइतक्याच केल्यात. महाड, तारापूरही. एकही चुकवलेली दिसत नाही. आणि त्याच वर्षात तुमचा इको सुधारलाय. खरं ना? म्हणून पॅनेलच्या डॉक्टरांना आम्ही हे कळवलं. ते म्हणतात, वर्षभर हे काम करून प्रकृती बिघडली नसेल, सुधारली असेल, तर कायमचे निर्बंध घालायला वैद्यकीय आधार कमी पडतो. त्यांना हे माहीत नव्हतं."

त्यांचं तरी काय चुकलं? डॉक्टरांचं तरी काय चुकलं? समोर ठेवलेल्या कागदांवरून कुणीही हेच म्हणेल. मी बरा झालो होतो तो त्या रात्री न केल्यामुळे, आणि त्याच रात्री आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होत्या. संताप कुणावर करायचा तेही कळेना.

तेवढ्यात साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्ही नाईट करत होतात ना?" त्यांनी मला विचारलं.

सरळ, शांत आवाजात विचारलं. त्या आवाजात धमकी नव्हती. एखादा ग्राहक पेटीत बारा नग होते ना असं विचारतो, तसं. त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा तिटकारा आला तेवढा पुढे कधी कुणाचा आला नाही. त्यांना माहीत होतं. मला काय उत्तर द्यावं लागणार हेही माहीत होतं. कारण मी 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता: मग तुमच्या लॉगिनमधून रिपोर्ट कुणी चढवले? वर्षभराचे रिपोर्ट खोटे. मालासमोर नसलेल्या माणसाच्या सहीचे. माझी नोकरी जाणारच होती, पण ज्याने माझ्यासाठी रात्री काढल्या त्याचीही त्याच दिवशी गेली असती, आणि या धंद्यात खोट्या रिपोर्टचा शिक्का बसलेल्याला उरणपासून गुजरातेतल्या मुंद्रा बंदरापर्यंत कुणी उभं करत नाही. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, त्यांचा कुठेच कागद नव्हता. कागद वर पाठवायचा नाही, हे त्यांचंच तत्त्व.

काचेच्या पलीकडे माझ्या रात्री काढणारा तो त्याच्या टेबलाशी बसला होता. पाठ आमच्याकडे होती. ती पाठ मी बराच वेळ पाहिली.

"हो," मी म्हटलं. "केल्या."

मॅडमनी मान हलवली आणि लिहून घेतलं. तीन महिने तात्पुरती सवलत देता येईल, त्यानंतर चार्टप्रमाणे, असा निर्णय त्यांनी त्याच दिवशी मेलवर पाठवला. मेलच्या शेवटी माझ्या उत्तम प्रकृतीसाठी शुभेच्छा होत्या.

त्या संध्याकाळी तो घरी आला. हातात सीताफळं. बायकोने पाणी दिलं. तो सोफ्याच्या कडेवर बसून राहिला.

"दादा, मी जाऊन सांगू का त्यांना?" त्याने विचारलं.

हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक तऱ्हा अशी की माणूस निघालेलाच असतो, फक्त तुम्हाला कळवतो. दुसरी अशी की 'नको' ऐकायला तो आलेला असतो. त्याची दुसरी होती. मी त्याला दोष देत नाही असं मी वर्षभर बायकोला सांगत आलो. देतो. दोष देतो मी. त्याचा काही गुन्हा नव्हता, त्याचे उपकारच होते माझ्यावर, घरी थकलेला बाप होता, दोन लहान मुली होत्या, सगळं मला पाठ आहे. तरी त्याने एकदा उठून दारापर्यंत जावं आणि मी त्याला हाताला धरून परत बसवावं, एवढं मला हवं होतं.

"काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "बस. चहा घे."

तो घटाघटा चहा प्यायला. तो गेल्यावर बायको सीताफळं पिशवीतून काढत म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात, आणि त्याने ऐकलं. किती पटकन ऐकलं." ती आणखी बोलली असती, पण मी टीव्ही लावला.

तीन महिने संपले. चार्टवर माझं नाव आलं, द्रोणागिरी, नाईट. मी गेलो. हट्टानेच गेलो म्हणा. दिवेलागणीला गोदामाच्या गेटवर पोचलो. तिथला सिक्युरिटीवाला उरणकडच्या गावातला, रात्रीचाच, माझ्या आजारपणानंतर इथे लागलेला. मी नाव सांगितलं तर त्याने वहीवरून मान वर केली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमी ते नाय," तो म्हणाला. "त्या नावाचं सायेब दाढीवालं हाय. वरीसभर बगतो मी त्यांना."

"बदली झाली त्यांची," मी म्हटलं.

"चांगला मानूस व्हता," तो म्हणाला आणि मला आत सोडलं. "तुमी नवीन दिसता. सांभालून जा, त्या बाजूला उजेड नाय."

मोबाईलसमोर तोंड धरलं. अ‍ॅपने मला लगेच ओळखलं. तिथे मला ओळखणारं तेवढं एकच होतं. थप्पीच्या वरच्या पेट्या बघायला शिडीवर चढलो, निम्म्यात छाती भरून आली आणि मी शिडीला मिठी मारून उभा राहिलो. खालून हमाल हाका मारत होते. काही झालं नाही, मरायला वगैरे टेकलो नाही, थोड्या वेळाने उतरलो. पण उतरताना ठरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेलो, त्या इतक्या ओरडल्या की बाहेर बसलेले पेशंट गप्प झाले. त्याच दुपारी मी राजीनामा दिला. तोही रीतसर. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं.

निरोप समारंभ आमच्याकडे मनापासून करतात. समोसे, वेफर्स, केक. मुंबईहून साहेब मुद्दाम आले. शाल माझ्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि भाषण केलं. चांगलं बोलायचे ते. मी किती वर्षं काम केलं, माझे रिपोर्ट किती नेटके असायचे. मग नव्या पोरांकडे वळून म्हणाले, "यांच्याकडून एक गोष्ट शिका. हार्टचा एवढा त्रास असूनसुद्धा या माणसाने वर्षभर एकही नाईट चुकवली नाही. कधी तक्रार नाही, कधी अर्ज नाही."

टाळ्या पडल्या. पोरांनी खरोखर कौतुकाने वाजवल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. तो मागे भिंतीशी उभा होता, हातात प्लेट, समोसा तसाच. त्याचा चेहरा बघून मला कळलं की मी आता काहीही बोलू शकतो अशी भीती त्याला वाटतेय, आणि ती वाटावी एवढा सूड मला पुरला. मी म्हटलं, सगळ्यांचे आभार, आणि खाली बसलो.

तो मला स्कूटरवरून सुकापूरला सोडायला आला. सोसायटीच्या गेटशी मी उतरलो आणि शालीची पिशवी त्याच्यापुढे धरली.

"ही तुझी," मी म्हटलं. "ज्याबद्दल दिली ते काम तू केलंस."

मी चिडून म्हटलं की मनापासून, मला आजही सांगता येत नाही. त्याने पिशवीकडे पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको दादा," तो म्हणाला. "घरी विचारतील, कशाची शाल? काय सांगू?"

मलाही घरी तेच विचारणार होते. मी पिशवी घेऊन लिफ्टकडे गेलो.